तीन इंची अक्षर

राजेशम गाजूल रस्ता मोजायला उतरला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि सोलापूरचं ऊन तापायला लागलं होतं. महानंदाच्या टपरीच्या पायरीपासून समोरच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्याने पावलं मोजली. दुभाजकापाशी थांबला, एक एस.टी. जाऊ दिली आणि पुन्हा मोजायला लागला. तीस पावलं झाली. त्याचं पाऊल अडीच फुटाचं, म्हणजे रस्ता पंचाहत्तर फुटांचा.

परत येऊन तो बाकावर टेकला. साठी उलटून वर्ष झालं होतं आणि गुडघे आता प्रत्येक फेरीचा हिशेब मागायचे.

"कशाला मोजायलाव मामा रस्ता?" महानंदाने आतून विचारलं. "पाटी इथं लावायची हाय, रस्त्यावर न्हाई."

"पाटी इथं, पण वाचणारा तिथं," राजेशम म्हणाला. "पंचवीस फुटाला एक इंच अक्षर धरायचं. पंचाहत्तरला तीन इंच. त्याहून बारीक लिहिलं तर तुझ्या पाटीवर मुंग्या चालल्यात असं दिसंल."

महानंदा म्हेत्रे पंचेचाळिशीची, अंगाने धिप्पाड, आवाजाने त्याहून. नवऱ्यामागे तिने आणि तिच्या धाकट्या दिराने, सिद्रामने, ही टपरी चालवली होती. सिद्राम चहा उकळायचा, ती बाकीचं सगळं बघायची. रस्ता रुंद झाला, मधे दुभाजक आला आणि दवाखान्यातून बाहेर पडणारी माणसं पूर्वीसारखी आपोआप टपरीवर येईनाशी झाली. फाटकाशी उभं राहून ती इकडे-तिकडे बघायची. दुभाजकातली फट ओलांडून यायचं, तर पलीकडे काय मिळतं ते आधी कळायला हवं. गेल्या वर्षी महानंदाने फ्लेक्स छापून आणला होता. त्यावर कपाचं चित्र, वाफ, गुलाबाचं फूल, सगळं होतं. एका उन्हाळ्यात त्याचा लाल रंग उडाला आणि कप तेवढा निळा उरला. मग तिला जुना पेंटर आठवला.

आठवला म्हणजे कुणीतरी सांगितलं की अजून जिवंत आहे.

राजेशम या गावात चाळीस वर्षं अक्षरं लिहीत होता. दुकानांच्या पाट्या, गिरणीच्या भिंती, ट्रकच्या पाठी, निवडणुकीतले वाघ आणि सायकली, सगळं त्याने लिहिलं होतं. आता महिन्याला एखादं काम यायचं, तेही नंबरप्लेट किंवा 'येथे गाडी लावू नये'. बायको पद्मावती घरी विड्या वळायची. तो समोर बसून जुने ब्रश रॉकेलमध्ये धुवायचा, वाळवायचा आणि पुन्हा डब्यात ठेवायचा. वापर नसला तरी ब्रश कडक होऊ द्यायचा नाही, असा त्याचा नेम होता. पण दोन-तीन वर्षांत नेमाचाही कंटाळा यायला लागला होता.

डोळ्यांना किती कमी दिसतं ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्यात धरत होता. हाताच्या अंतरावर, चष्मा लावून, त्याला कामापुरतं दिसायचं. चार पावलांपलीकडचं जग मात्र दुधात बुडवल्यासारखं असायचं. डॉक्टरने ऑपरेशन सांगून सात महिने झाले होते. 'पुढच्या महिन्यात' असं तो पद्मावतीला सांगायचा. हात महिनाभर थांबला तर पुन्हा उठणार नाही, ही धास्ती त्याला होती, पण ती त्याने तिलाही बोलून दाखवली नव्हती.

"फोनवर सांगितलंस ते पुन्हा एकदा सांग, काय काय लिहायचं," त्याने वही काढली.

महानंदाने बोटं मोडत सांगितलं. चहा, हाफ चहा, गुळाचा चहा, काळा चहा, कॉफी, दूध, चुरमुऱ्याची सुशीला, उप्पीट, शिरा, खारी, टोस्ट. "आणि वरती नाव मोठ्ठं. महानंदा टी स्टॉल. लाल. त्येला पांढरी सावली."

"अकरा झाले."

"मग? अकरा मिळतात तर अकरा लिवायचे."

राजेशमने पत्र्याकडे बोट केलं. लाकडी चौकटीवर ठोकलेला चार बाय चारचा पत्रा भिंतीला टेकून उभा होता. पिवळा रंग कालच देऊन वाळवला होता. "उंची अठ्ठेचाळीस इंच. वर दोन, खाली दोन सोडले, चव्वेचाळीस राहिले. नावाला आठ. उरले छत्तीस. आता तीन इंची अक्षर म्हणजे तीन इंची ओळ न्हवं. आपल्या लिपीला डोक्यावर मात्रा-वेलांटी, पायाखाली उकार. वर एक इंच, खाली पाऊण इंच, त्याखाली थोडी श्वास घ्यायला जागा. एक ओळ सव्वापाच इंच खाते. छत्तीसात सातच बसतात, तेही जरा अंग चोरून."

"जरा बारीक काढा की."

"अकरा बसवले तर अक्षर दोन इंचाच्या आत येतं. ते पन्नास फुटांवरनं सुद्धा धड वाचता येणार न्हाई. म्हणजे गिऱ्हाईक दुभाजक ओलांडून आलं की मग त्याला पाटी वाचता येईल. ओलांडून आलेल्याला पाटी कशाला पाहिजे? तो आलाच की."

आतून सिद्राम हसला. "वैनी, मामा शाळामास्तर होते काय गं?"

"तू दूध बघ, उतू चाललंय," महानंदा म्हणाली. मग राजेशमकडे वळून, जरा तडकून, "फ्लेक्सवाल्यानं तर वीस नावं बसवली हुती एवढ्यातच. त्येला न्हाई कुठं इंच लागले."

हे वाक्य राजेशमने दहा वर्षांत इतक्या तोंडून ऐकलं होतं की त्याला उत्तर द्यायचंही सोडून दिलं होतं. त्याने पिशवीतून खाकी कागदाच्या पट्ट्या काढल्या.

तिने फोनवर सांगितलेल्या नावांवरून त्या त्याने घरीच करून आणल्या होत्या. एकेका नावाची एकेक पट्टी, किमतीची वेगळी, तीन इंची अक्षरात, काळ्या रंगाने भरलेली. अकराही नावं होती, कारण गिऱ्हाईक हट्ट करणार हे त्याला ठाऊक होतं. अक्षरांमधलं अंतर त्याने पट्टीने मोजलं नव्हतं. ते मोजून येत नाही. 'गुळाचा'मधल्या शेवटच्या 'च'ची दांडी आणि तिच्या पुढचा काना जवळ आले तर दोन खांब चिकटल्यासारखे दिसतात, तिथे जागा जास्त सोडायची. 'टोस्ट'मधला 'ट' पोटाने गोल, त्याच्या बाजूला आपोआप पांढरं उरतं, तिथे जवळ घ्यायचं. दोन अक्षरांमध्ये सांडणारी जागा सगळीकडे सारखी वाटली पाहिजे. गुरूने त्याला सांगितलं होतं, की मधल्या फटीत वाळू ओततोयस असं समज आणि प्रत्येक फटीत सारखी वाळू मावंल असं बघ. लांबून वाचायचं असेल तर ही वाळू आणखी थोडी वाढवायची, कारण अंतर जागा खातं. शिरोरेघ मात्र जाड करायची नाही. जाड शिरोरेघ लांबून काळी पट्टी होते आणि अक्षरं तिला लोंबकळलेली दिसतात.

त्याने खडू लावलेल्या दोरीने पत्र्यावर सात आडव्या रेघा मारल्या. मग उजव्या बाजूला दोन उभ्या.

"ह्या उभ्या कशाला?" महानंदाने विचारलं. आता ती बाहेर येऊन उभी राहिली होती.

"किमतीला. ही एकम, ही दशम. दहा, पंधरा, पाच. नुसतं डावीकडनं लिहीत गेलं तर पाचाचा पाच दहाच्या एकाखाली येतो, आणि लांबून पाच रुपयाची खारी पन्नासची वाटायला लागते. पाच हा पाचाखाली, शून्याखालीच पाहिजे. एक आकडा बारीक असतो, म्हणून त्याला त्याच्या घराच्या मधोमध उभं करायचं, रेघेला चिकटवायचं न्हाई."

"रुपयाची खूण प्रत्येकापुढं?"

"एकदाच, सगळ्यात वर. प्रत्येक ओळीत घातली तर ती पण एक आकडाच दिसते."

राजेशमने खळीने पट्ट्या चिकटवल्या. नावं डाव्या कडेपासून तीन इंच सोडून, किमती उजव्या कडेपासून तीन इंच सोडून. आधी सात ओळी लावल्या. पत्रा त्याने आणि सिद्रामने उचलून छपराच्या आडव्या वाशाला बांधला, जिथे पाटी कायमची बसणार होती. मग राजेशम पुन्हा रस्ता ओलांडायला निघाला. मोबाईल कानाला लावलेला, कारण एवढ्या वाहनांत ओरडून ऐकू येत नाही.

फाटकापाशी पोचून त्याने वळून बघितलं. पिवळं काहीतरी दिसत होतं. त्यावर काळपट पट्टे होते. बस्स.

"दिसतंय काय मामा?" फोनवर महानंदाचा आवाज आला.

"दिसतंय की. झकास."

"सगळं?"

"सगळं. चहा दहा, गुळाचा चहा पंधरा, कॉफी वीस, दूध पंधरा, सुशीला तीस, उप्पीट पंचवीस, खारी पाच."

पलीकडून वाहनांची घरघर आली.

"मामा," महानंदा म्हणाली, "दुधाची पट्टी माझ्या हातात हाय. तुमी दुभाजकापाशी हुता तवा एस.टी. गेली, तिच्या वाऱ्यानं उडाली."

राजेशमने फोन कानापासून दूर केला. फाटकाच्या बाजूला एका झाडाखाली पेशंटचे नातेवाईक बसले होते, कुणी डबा उघडून, कुणी डोक्याखाली पिशवी घेऊन. तोही त्यांच्या शेजारी बसला. उठून तिकडे जायचं, तिचं तोंड बघायचं, सिद्रामची एखादी कोटी ऐकायची, हे सगळं त्याला त्या क्षणी डोंगराएवढं वाटलं. इथूनच घरी जावं. पिशवी राहिली तर राहू दे. ब्रश काय, आहेत ते आता कुणाच्या उपयोगाचे!

पाच-दहा मिनिटं गेली असतील. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. साडीच्या रंगावरून आणि आवाजावरून त्याने ओळखलं.

"इथं बसलाव," महानंदा म्हणाली. "किती दिवस झाले दिसंना झाल्याला?"

"लांबचं दीड वर्ष. जवळचं दिसतंय. लिहायला दिसतंय," तो घाईने म्हणाला आणि मग त्याची घाई विझली. "तुला दुसरा माणूस बघायचा असंल तर बघ, ताई. फ्लेक्सवालाच बघ. मी पट्ट्यांचं काही घेणार न्हाई."

"मला पैल्यांदाच सांगायचं हुतं न्हवं."

"सांगितलं असतं तर दिलं असतंस काम?"

तिने खोटं बोलायचं टाळलं. "न्हाई दिलं असतं," ती म्हणाली. मग वळून तिने आपल्या टपरीकडे बघितलं. हा रस्ता रोज ओलांडणारी बाई, पण आपली टपरी इथून कशी दिसते हे बघायला ती कधी अशी उभी राहिली नव्हती. बराच वेळ ती बघत राहिली.

"मामा, खारी तिथं रवारी दिसायलीय."

राजेशमने मान वर केली.

"ख सुटा हाय. र येगळा, व येगळा. रवारी पाच रुपये. कोण घेणार रवारी?"

"ख खालून जोडायला पाहिजे," राजेशम म्हणाला. "जुन्या वळणानं काढला मी. सवयीनं. आणखी काय दिसतं?"

"सुशीलाचे तीस रुपये कुणाचे ते कळंना. चहाची तर किंमत पार तिकडं, परगावी. मधे नुसतं पिवळं रान. डोळा जाता जाता खालच्या ओळीत उतरतोय. मी चहा बघितला आणि पंधरावर गेले."

राजेशम उठून उभा राहिला. गुडघा धरत का होईना, उठला. "बरोबर. चूक माझी. कडेला कडा धरायची सवय. पाटी दुकानाच्या दारात असती तर चाललं असतं. एवढ्या लांबून डोळ्याला पूल लागतो. नावं तीन इंच आत घेऊ, किमती तीन इंच आत घेऊ. दोन्ही बाजूला पिवळं सोडू, मधलं कमी होईल. आणि एकाआड एक ओळीखाली पांढुरका पट्टा देऊ, कडेपासून कडेपर्यंत. मग डोळा घसरणार न्हाई."

"टिंब टिंब काढलं तर? हाटेलच्या कार्डावर असतं तसं."

"एवढ्या लांबून टिंबांचा धूर होतो."

ती हसली नाही, पण "बरं" म्हणाली. मग जराशाने विचारलं, "आणि ते बाकीचे चार?"

"लिहून दाखवतो. तूच बघ."

राजेशम रस्ता ओलांडून टपरीवर परत आला आणि त्या दिवशी पुन्हा पलीकडे गेला नाही. महानंदा फाटकापाशी उभी राहिली, तो पाटीपाशी. पट्ट्या काढून त्याने सात ओळींच्या जागेत अकरा नावं कोळशाने बारीक करून लिहिली. मधे फोन चालू.

"काय दिसतं?"

"चहा दिसतो. दुसरा पण चहाच हाय. तिसरा... चहाच असंल. पुढं शेवया."

"शेवया न्हाईत. उप्पीट आणि शिरा आहे तिथं."

"मला शेवया दिसायल्यात."

"शेजारी कोण बसलंय त्याला विचार."

तिने झाडाखालच्या एका म्हाताऱ्याला विचारलं असावं, कारण फोनवर कन्नडमध्ये दोन-तीन वाक्यं ऐकू आली. मग ती परत बोलली. "आजोबा म्हणत्यात, ही बँकेची पाटी हाय काय."

सिद्राम चहा गाळता गाळता इतका हसला की गाळणं हातातून सुटलं. राजेशमलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून ते छातीत अडखळलं.

महानंदा परत आली ती घाम पुसत आणि येताच म्हणाली, "हाफ चहा काढा. काळा चहा काढा. शिरा तर रोज नसतोच. टोस्ट बरणीत दिसतंय, त्येला पाटी कशाला." मग थोडं थांबून, "पन हाफवाले इचारतील."

"त्यांना इथं गल्ल्यापाशी छोटी पाटी करून देतो. एक इंची अक्षर. आत आलेला माणूस वाचतो निवांत."

लाल रंगावरून मात्र अर्धा तास गेला. तिला किमती लाल हव्या होत्या. राजेशम म्हणाला की पिवळ्यावर लाल दिवसा खुलतो, दिवेलागणीला मावळतो आणि दवाखान्याची भेटीची वेळ संध्याकाळीच संपते. शेवटी नाव लाल, बाकी सगळं काळं, यावर मिटलं. पांढरी सावली नावालाच, तीही एका बाजूने आणि बारीक.

लिहायला तीन दिवस लागले. एके काळी त्याने हे काम एका दुपारी केलं असतं. पाटी खाली उतरवून बाकावर आडवी टेकवायची, पट्टीच्या मागे खडू फासून वरून अक्षरांच्या कडा गिरवायच्या, पट्टी काढायची. मग डाव्या हातात काठी आडवी धरून तिच्यावर उजवं मनगट टेकायचं आणि चपटा ब्रश ओढायचा. नाक पत्र्याला लागेल इतका वाकून. एकेका ओळीनंतर पाठ सरळ करायला त्याला मिनिटभर लागायचं. दोरीची खडूची रेघ दिसेनाशी झाली की तो बोटाने चाचपायचा. जुन्या रंगाच्या वासाने डोकं दुखायचं, पूर्वी कधी दुखायचं नाही. दुसऱ्या दिवशी 'सुशीला'चा 'शी' लिहिताना वेलांटी थोडी लटपटली. त्याने रॉकेलच्या फडक्याने पुसून पुन्हा काढली. पुन्हा लटपटली. मग तो तासभर बाकावर नुसता बसून राहिला.

"ऱ्हाऊ द्या की," सिद्राम म्हणाला. "कोण बघतंय एवढं बारीक?"

"कुणी न्हाई," राजेशम म्हणाला आणि थोड्या वेळाने उठून तिसऱ्यांदा काढली.

सिद्रामने बशीत सुशीला आणून ठेवली. चुरमुऱ्याची, वर कोथिंबीर. राजेशमने ती खाल्ली खरी, पण चव काही कळली नाही. इतका तो दमला होता.

चौथ्या दिवशी सकाळी पाटी वर चढली. नट आवळून झाल्यावर महानंदा आपणहून फोन घेऊन पलीकडे गेली. राजेशम बाकावर बसला, डोळे मिटून.

"वाच."

"महानंदा टी स्टॉल." तिने एकेक ओळ मोठ्याने वाचली. "चहा दहा. गुळाचा चहा पंधरा. कॉफी वीस. दूध पंधरा. सुशीला तीस. उप्पीट पंचवीस. खारी पाच. खारीच हाय, रवारी न्हाई."

"पाच कुठं आहे?"

"वरच्या पाचाच्या बरोब्बर खाली. ओळंब्यात."

"चष्मा काढून वाचलंस?"

"मला चष्मा कुठं हाय? म्हाताऱ्याला वाचायला लावलं, त्या दिवशीच्याच. त्येनं बी वाचलं. म्हणतोय, खारी मऊ असती काय."

राजेशमने फोन ठेवला. आनंद झाला का, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. पाठीत कळ होती आणि बोटांच्या कडांना काळा रंग वाळून बसला होता, तो आठवडाभर निघणार नव्हता.

गिऱ्हाइकाचं काय झालं, तर झुंबड वगैरे काही उडाली नाही. पण फाटकाशी उभी राहिलेली माणसं आधी इकडे-तिकडे बघायची, ती आता समोर बघायला लागली, आणि त्यातली काही दुभाजकातल्या फटीतून यायला लागली. येऊन 'एक गुळाचा' असं पाटीवरचंच नाव सांगायची. महानंदाच्या चुलतसासऱ्याने नाव ठेवलं की पाटीवर अर्धा पत्रा रिकामाच सोडलाय, पेंटरने रंग वाचवला. महानंदाने त्याला फाटकापाशी जाऊन उभं राहून यायला सांगितलं. तो गेला नाही, पण पुन्हा बोललाही नाही.

राजेशमला तिने निघताना विचारलं, "माझी बहीण अक्कलकोट रोडला खानावळ चालवती. पाटी पाहिजे म्हणाली. करताव काय?"

"रस्ता केवढा आहे तिथं?"

"न्हाई ठाव. लहान असंल."

"पलीकडं उभं राहायला कुणीतरी लागंल मला."

"ती हाय की. आवाज माझ्यापेक्षा मोठा हाय तिचा."

"मग फोन लागायचा न्हाई," राजेशम म्हणाला. "बघू. आधी पाठ सरळ होऊ दे."

घरी पद्मावती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विडीची पानं कापत बसली होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी भिंतीला टेकला. दिसत नसल्याचं त्या बाईला कसं कळलं, ते सगळं त्याने तिला त्यांच्या घरच्या तेलुगूत सांगितलं, दुधाच्या पट्टीसकट. पद्मावतीची कात्री थांबली नाही.

"ती परकी बाई, तिला एका दिवसात कळलं," ती म्हणाली. "मी दीड वर्ष बघतेय तुम्ही भाताचं ताट चाचपून ओढताय ते."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली."

कात्रीचा करकर आवाज तेवढा चालू होता. मग त्याने विचारलं, ऑपरेशननंतर किती दिवस वाकायचं नाही म्हणाला होता डॉक्टर. महिना, पद्मावती म्हणाली. त्याने होकाराची मान हलवली, पाय पसरले आणि ब्रश धुवायचे तसेच राहिले असताना, बसल्या जागी त्याचा डोळा लागला.